झाकण मिटले की कॅमेरा कुठे जातो?

सकाळी साडेदहाची बैठक. घरून काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने टेबलावर जागा हवी म्हणून लॅपटॉप मिटून बाजूला उभा ठेवला आहे. समोर 24 इंची मॉनिटर, हाताशी वेगळा किबोर्ड आणि माऊस. कॉल सुरू होतो. सगळ्यांचे चेहरे दिसतात, आवाजही ऐकू येतो. पण त्याच्या स्वतःच्या चौकटीत नावाचे आद्याक्षर तेवढे. सेटिंग उघडून पाहावे तर कॅमेऱ्यांची यादी रिकामी! काल संध्याकाळी झाकण उघडे असताना हाच कॅमेरा व्यवस्थित चालत होता. मग अ‍ॅप काढून पुन्हा टाकणे, लॅपटॉप बंद करून सुरू करणे असे उपाय होतात आणि बैठकीची दहा मिनिटे जातात. प्रत्यक्षात बिघडलेले काहीच नसते.

लॅपटॉपचे झाकण मिटले आहे, हे यंत्राला बहुधा चुंबकामुळे कळते. पडद्याच्या कडेत एक छोटे चुंबक असते आणि किबोर्डच्या भागात त्याची जवळीक ओळखणारा संवेदक. दोन्ही जवळ आले की संवेदकाचा संकेत बदलतो आणि ‘झाकण बंद’ असा निरोप संगणकाच्या कार्यप्रणालीला जातो. एरवी हा निरोप मिळाला की लॅपटॉप झोपी जातो. मात्र बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल आणि तशी सोय किंवा सेटिंग असेल, तर तो जागा राहून फक्त आपला स्वतःचा पडदा विझवतो.

कॅमेरा बसवलेला असतो त्या पडद्याच्याच वरच्या पट्टीत. झाकण मिटल्यावर त्याच्यापुढे किबोर्डचा अंधार असतो. त्या अवस्थेत त्याला चालू ठेवून उपयोग नाही, आणि मिटलेल्या यंत्रातून कोणी पाहत नाही ना, ही शंकाही नको. म्हणून अ‍ॅपलच्या मॅकबुकमध्ये झाकण मिटताच अंगचा कॅमेरा ‘स्थगित’ म्हणून नोंदवला जातो. ही नोंद पाहून कॉलचे अ‍ॅप त्याला वापरायला देत नाही. विंडोज लॅपटॉपमध्ये वागणूक मॉडेलनुसार बदलते. काहींत कॅमेरा यादीतून जातो, तर काहींत तो यादीत राहतो आणि फक्त काळे चित्र देतो.

मायक्रोफोनची गोष्ट याहून कडक आहे. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकबुकमध्ये झाकण मिटले की मायक्रोफोन थेट हार्डवेअरच्या पातळीवर तोडला जातो. कोणतेही सॉफ्टवेअर तो परत जोडू शकत नाही. कॅमेऱ्याला असा तोड दिलेला नाही, कारण मिटलेल्या झाकणाने त्याची दृष्टी आधीच पूर्ण अडवलेली असते, असे कंपनीचे स्पष्टीकरण आहे. म्हणूनच वरच्या बैठकीत आपल्याला सगळे ऐकू येते, पण इतरांना आपण दिसतही नाही आणि ऐकूही जात नाही.

मॉनिटर जोडला आहे, मग त्याचा कॅमेरा का नाही? बहुतेक मॉनिटरला कॅमेराच नसतो. ज्याला असतो, त्याच्यासाठीही एचडीएमआयची तार पुरत नाही. ती लॅपटॉपमधले चित्र आणि आवाज मॉनिटरकडे नेते. कॅमेऱ्याचे चित्र उलट दिशेने आणण्यासाठी यूएसबीची वेगळी तार लावावी लागते, किंवा दोन्ही कामे करणारी यूएसबी-सी तार.

दोष नक्की कुठे आहे, हे एका चाचणीत कळते. कॉल सुरू ठेवूनच झाकण वीतभर उघडावे. काही क्षणांत कॅमेऱ्याचे नाव यादीत परतले, किंवा काळ्या चौकटीत चित्र आले, तर कारण झाकणच. अ‍ॅपने आपोआप कॅमेरा घेतला नाही, तर यादीतून तो पुन्हा निवडावा लागतो. झाकण पूर्ण उघडूनही नाव येत नसेल, तर मात्र परवानगी, ड्रायव्हर किंवा कॅमेऱ्यावरची सरकती पट्टी तपासायची.

विंडोजमध्ये ‘When I close the lid’ पुढे ‘Do nothing’ निवडले की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. त्या सेटिंगने लॅपटॉप झोपत नाही, एवढेच. झाकणाखाली दबलेल्या कॅमेऱ्याला त्याने दृष्टी येत नाही.

त्यामुळे मुख्यतः दोन मार्ग उरतात. लॅपटॉप उघडा ठेवून मॉनिटरशेजारी स्टँडवर बसवावा. किंवा झाकण मिटूनच काम करायचे असेल, तर मॉनिटरच्या माथ्यावर यूएसबी वेबकॅम लावावा आणि त्याला मायक्रोफोन नसल्यास माइक असलेला हेडफोन घ्यावा. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्याने कॉलआधी कॅमेरा आणि माइक या दोन्ही याद्यांत नव्या उपकरणाचे नाव निवडलेले आहे ना, एवढे पाहून घ्यावे.