सरवा वेचणाऱ्या तिघींची धास्ती

१८५७ साली पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारमान्य चित्रप्रदर्शनात, ज्यां-फ्रान्स्वा मिले यांचं एक चित्र लागलं. कापणी झालेल्या शेतात तीन बायका वाकून सरवा वेचताहेत, एवढाच त्याचा विषय. चित्र जेमतेम ८४ सेंटिमीटर उंच आणि १११ सेंटिमीटर रुंद. तरीही ‘फिगारो’च्या समीक्षकाला या बायकांच्या मागे १७९३ सालच्या दहशतीतले भाले आणि वधस्तंभ दिसले. दुसऱ्या एकाला त्या दारिद्र्याच्या तीन नियतिदेवता वाटल्या. चित्रात ना हत्यार आहे ना घोषणा. मग ही माणसं घाबरली कशाला?

चित्र नीट पाहू. डावीकडच्या दोघी कमरेत पार वाकलेल्या आहेत. एकीच्या डोक्याला निळा रुमाल, दुसरीच्या तांबडा. निळ्या रुमालवालीने वेचलेल्या ओंब्यांची मूठ मागे पाठीवर धरली आहे. तिसरी अर्धवट उभी आहे, पण अजून पाठ सरळ झालेली नाही. चेहरे काळवंडलेले, सावलीत बुडालेले. क्षितिज मिलेंनी इतकं वर ठेवलं आहे, की या तिघी जमिनीतच अडकल्यासारख्या वाटतात. दूर मागे मात्र सोनेरी उजेड आहे. तिथे गंजी रचल्या आहेत, गाडी भरते आहे, मजुरांची लगबग आहे आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला मुकादम. पीक भरघोस आलेलं आहे, पण ते या तिघींचं नाही. मालकाने पीक उचललं की खाली पडलेल्या ओंब्या गरिबांनी वेचायच्या, ही फ्रान्समधली जुनी रीत होती.

गरीब शेतकरी चित्रात येणं सलोनला नवं नव्हतं. दोनच वर्षांनी, १८५९ साली, ज्यूल ब्रेतों यांनी हाच विषय रंगवला: संध्याकाळ झाली आहे, शेतराखण्या हाक देतो आहे आणि बायका सरवा घेऊन परतताहेत. त्यांच्या बायकाही अनवाणी आहेत, कपडे फाटके आहेत. पण माना ताठ, चाल डौलदार, जणू पुतळेच. हे चित्र सर्वांना आवडलं आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियननं ते विकत घेतलं. हा फरक मला फार बोलका वाटतो. ब्रेतोंच्या चित्रात दिवसाचं काम संपलं आहे, बायका समाधानी दिसतात, बघणाऱ्याला हळहळून पुढे जाता येतं. मिलेंच्या चित्रात काम संपतच नाही. शिवाय त्या वाकलेल्या शरीरांना त्यांनी दिलेला भारदस्तपणा तोवर देवदेवता आणि वीरपुरुषांसाठी राखून ठेवलेला असे.

खरा धक्का या राखीव जागेचा होता. चित्रकलेच्या अकादमीने विषयांची उतरंड ठरवून दिली होती. सर्वांत वर पुराणं, धर्म आणि इतिहास. त्यांना भव्य कॅनव्हास. रोजच्या जगण्याची जागा खाली, तीही छोट्या, गोड चित्रांत. ही उतरंड त्याआधीच, १८५०-५१च्या सलोनमध्ये, गुस्ताव कुर्बे यांनी उघडपणे मोडली होती. रस्त्याकडेला खडी फोडणारा म्हातारा आणि खडीची पाटी उचलणारा पोरगा त्यांनी अडीच मीटरहून रुंद कॅनव्हासवर जवळपास माणसाएवढे रंगवले. म्हाताऱ्याच्या मोज्यांतून टाचा बाहेर आल्या आहेत, पोराच्या पँटला एकच पट्टा उरला आहे. दोघांचेही चेहरे आपल्याला धड दिसत नाहीत. दया यावी असा एकही हावभाव कुर्बे देत नाहीत आणि बोधही करत नाहीत. समीक्षकांनी त्यांच्यावर कुरूपतेची पूजा केल्याचा ठपका ठेवला.

पॅरिसकर त्या वेळी कशातून गेले होते, हेही लक्षात घ्यायला हवं. १८४८च्या फेब्रुवारीत क्रांती झाली आणि मतदार अडीच लाखांच्या आसपास होते ते एकदम नव्वद लाखांवर गेले. जूनमध्ये पॅरिसच्या कामगारांनी बंड केलं, ते सैन्याने रस्त्यारस्त्यांत रक्त सांडून मोडून काढलं. श्रीमंत प्रेक्षकांच्या मनातून ते दिवस गेले नव्हते. मजूर आणि शेतकरी आता मतदार होते, आणि चिडले तर काय होतं तेही दिसलं होतं. अशा वेळी त्यांना इतकं मोठं, इतकं गंभीर आणि जराही आर्जव न करता समोर उभं केलेलं पाहणं त्या प्रेक्षकांना धमकीसारखं वाटलं.

कुर्बे यांना राजकारण वर्ज्य नव्हतं. पुढे १८७१च्या पॅरिस कम्यूनमध्ये ते सामील झाले आणि त्यापायी तुरुंगातही गेले. मिलेंनी मात्र आपण समाजवादी असल्याचं नाकारलं. ते नॉर्मंडीतल्या शेतकरी घरात वाढले होते आणि ही कामं त्यांनी स्वतः केली होती. मला वाटतं, त्यांच्या चित्राची जरब त्यातूनच आली आहे: पाठ किती वेळ वाकवली की उठताना ती तिसरी बाई जशी अडते तशी अडते, हे त्यांना ठाऊक होतं.