फाटकाबाहेरची ओळ कोणाशी बोलते?

शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकणं हा गुन्हा आहे, असा फलक शाळेबाहेर लावावा लागतो. 2003च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातून आलेला हा नियम आहे आणि तो फलक बोलतो दुकानदाराशी. मुलांसाठी त्याच भिंतीवर वेगळं रंगवलेलं असतं. 'तंबाखू सोडा, जीवन जोडा', 'व्यसन म्हणजे विनाश' अशा धर्तीचं. नववीतला मुलगा रोज दोनदा या ओळीसमोरून जातो आणि ती वाचत नाही. तिच्यात त्याला ठाऊक नसलेलं काहीच नसतं. शिवाय 'सोडा' हे ज्याने धरलंय त्याला सांगायचं. ज्याने अजून पुडीला हातही लावलेला नाही, त्याला ही ओळ आधी व्यसनी ठरवते आणि मग उपदेश करते.

उपदेश टाळून काय होऊ शकतं, याचा चांगला अभ्यासलेला दाखला अमेरिकेतला आहे. सिगारेट कंपन्यांशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीचा पैसा फ्लोरिडा राज्याला मिळाला आणि त्यातून 1998 साली 'ट्रूथ' नावाची मोहीम उभी राहिली. ती आखताना किशोरवयीन मुलांनाच सोबत घेतलं होतं. 'ओढू नका' यावर तिचा भर नव्हता. कंपन्या तुमच्या वयाच्या मुलांना कसं हेरतात आणि काय लपवतात, ते ती दाखवायची. राज्यातल्या सहावी ते आठवीच्या मुलांमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण 1998मध्ये 18.5 टक्के होतं, ते 2000मध्ये 11.1 टक्क्यांवर आलं. हे सगळं श्रेय जाहिरातींचं नाही, कारण शाळांमधले कार्यक्रम आणि विक्रीवरची कारवाईही सोबत चालू होती. पण त्याच सुमारास फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनेही मुलांसाठी एक मोहीम काढली होती. 'विचार कर, ओढू नकोस' असा तिचा सूर. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ही दुसरी मोहीम पाहिलेल्या मुलांमध्ये पुढे सिगारेट ओढण्याची शक्यता मोकळी ठेवणारी मुलं जास्त होती. मोठ्यांनी 'नको' म्हटलेली गोष्ट म्हणजे मोठ्यांची गोष्ट, आणि या वयाला मोठं तर व्हायचंच असतं.

फ्लोरिडातलं चित्र मात्र आपल्या भिंतीवर जसंच्या तसं उतरवून चालणार नाही. 2016-17च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 24.4 टक्के लोक बिनधुराची तंबाखू वापरणारे होते, तर विडी-सिगारेट ओढणारे फक्त 3.8 टक्के. तरीही पोस्टरवर आपण जळती सिगारेटच काढत राहतो. विदर्भातल्या शाळेबाहेर बोलायचं तर खर्ऱ्याबद्दल बोलावं लागेल, दुसरीकडे कुठे माव्याबद्दल. कंपन्यांच्या डावपेचांचा धागाही इथल्याच मातीत रुजवता येतो. '2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. मग ही पुडी आपल्या शाळेपर्यंत कोण आणतं?' या ओळीत मुलाला कोणी दोष देत नाही. बोट विकणाऱ्याकडे आहे आणि विचार करण्याचं काम मुलावर सोपवलेलं आहे.

आता एक ओळ घडवून पाहू. विषय खर्ऱ्याचा, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखू-चुन्याचा. पहिली सुचते ती 'खर्रा खाल, कर्करोगाने मराल'. धोका खरा आहे, पण चौदा वर्षांच्या मुलासाठी तो फार लांबचा आहे, आणि खर्रा खाऊन ठणठणीत असलेले काका त्याच्या ओळखीत असतात. त्याहून जवळची गोष्ट सुपारीत आहे. सुपारी सतत चघळली की गालांच्या आतलं अस्तर हळूहळू ताठ होत जातं. आधी तिखट खाताना तोंडाची आग होते, मग तोंड पूर्वीइतकं उघडेनासं होतं. पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. एकदा ताठलेलं अस्तर पूर्ववत होणं अवघड असतं. तोंड पुरेसं उघडतं का, याचं डॉक्टरांचं ढोबळ माप म्हणजे माणसाची स्वतःची तीन बोटं. वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये ती उभी मावायला हवीत.

मग दुसरा खर्डा: 'खर्रा खाशील तर तोंड उघडणार नाही.' ही धमकी झाली, आणि कच्चीही. वर्षभर खाऊन तोंड नीट उघडणारा एखादा मुलगा फाटकापाशीच ती खोटी पाडेल आणि मग भिंतीवरच्या पुढच्या खऱ्या ओळीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. तिसरा: 'तुझ्या तोंडात तीन बोटं मावतात का?' कुतूहल आहे, पण वाचणाऱ्याला त्याचा अर्थच लागत नाही. म्हणून शेवटी असं होतं: 'हात धुऊन तीन बोटं उभी तोंडात घालून बघ. मावली? सुपारीने ही जागा कमी होत जाऊ शकते.' खाली बारीक अक्षरांत: 'तिखट झोंबायला लागलंय? दातांच्या डॉक्टरांना दाखव.' ही शेवटची ओळ खर्रा खाणाऱ्या मुलासाठी आहे. कबुली न मागता, चारचौघांत त्याला उघडं न पाडता ती त्याला वाट दाखवते. त्याच्याशेजारी तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक 1800-11-2356 पुरे.

मुलाचा मान राखायचा तर त्याच्या घराचाही राखावा लागतो. 'तंबाखू खाणारा मूर्ख', 'व्यसनी माणूस घराला कलंक' असं लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणीतरी परका असतो. वाचणाऱ्या मुलीच्या डोळ्यांसमोर मात्र सकाळी मिश्री लावणारी तिची आजी येते, शेतावरून आल्यावर चुना मळणारे वडील येतात. भिंत आणि बाप यांतून निवड करायची वेळ आणली तर ती बापाच्या बाजूने उभी राहील, आणि राहायलाच हवी.

आणखी एक चूक चांगल्या हेतूने होते. 'आजची तरुणाई व्यसनाच्या विळख्यात' असं लिहिलं की मुलाला कळतं ते एवढंच, की सगळेच खातात. वस्तुस्थिती उलट आहे. 2019च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 15 वयाच्या शाळकरी मुलांपैकी 8.5 टक्के मुलं तंबाखू वापरत होती. म्हणजे '100मधली 91 मुलं तंबाखूला हात लावत नाहीत' हे भिंतीवर लिहिता येतं. पण ज्या शाळेत वर्गातली निम्मी मुलं मावा खातात, तिथे ते लिहू नये. आकडा देशाचा असला तरी मुलं तो आपल्या बाकांवर मोजून पाहतात.

रंगवण्याआधी ओळ साध्या कागदावर लिहून वेगवेगळ्या वर्गांतल्या पाच-सहा मुलांना एकेकट्याने दाखवावी आणि दोनच प्रश्न विचारावेत: हे कोण बोलतंय, आणि तुझ्याबद्दल त्याला काय वाटतं? 'सर बोलतायत' आणि 'आम्ही बिघडलोय असं वाटतं त्यांना' अशी उत्तरं आली तर ओळ बदलावी. 'छान आहे' हे उत्तर धरू नये. ते मुलं सरांसाठी देतात. दुसऱ्या दिवशी न विचारता कोणी ती ओळ मित्राला सांगितली का, हे मात्र जरूर पाहावं. अक्षरांची उंची दर तीन मीटर अंतरामागे किमान अडीच सेंटिमीटर ठेवली, तर रस्त्यापलीकडून सायकल ढकलत येणाऱ्यालाही ती वाचता येते. महिना-दीड महिन्याने ओळ बदलावी. नजरेला सरावलेली ओळ कितीही चांगली असली तरी कोणी वाचत नाही. आणि त्याच भिंतीसमोर 100 यार्डांच्या आत टपरीवर पुड्यांच्या माळा लटकत असतील, तर मुख्याध्यापकांनी आधी त्या टपरीची तक्रार करावी, रंगाचा डबा नंतर उघडावा.