मिक्सरचा खोका आणि तिसरा हात

मिक्सरच्या अनबॉक्सिंग व्हिडिओसाठी कंपनीकडून मुद्द्यांचा जो कागद येतो, त्यात पहिला मुद्दा बहुधा मोटरचा असतो. 750 वॉटची मोटर, तांब्याची वाइंडिंग, इतक्या वर्षांची वॉरंटी. त्याखाली तीन भांडी, स्टीलची पाती, ओव्हरलोड झाल्यास आपोआप बंद होण्याची सोय, रबरी पाय आणि शेवटी किंमत. विक्रीच्या दृष्टीने हा क्रम बरोबरच आहे, कारण ज्या गोष्टीवर गिऱ्हाईक पैसे मोजतं ती वर. स्क्रिप्ट लिहिणारा तो कागद समोर ठेवतो, त्याच क्रमाने छान वाक्यं लिहितो आणि शूटिंगच्या दिवशी खोका उघडतो. मोटर असते तळाशी.

मग जे होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तोंड मोटरबद्दल बोलत असतं आणि हात वॉरंटी कार्डाशी खेळत असतात. किंवा ‘ही बघा मोटर’ म्हटल्यावर पडद्यावर एक झटका बसतो आणि रिकामा खोका, थर्माकोल, तीन भांडी हे सगळं कुठे गेलं ते कळतच नाही. बघणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण यात काहीतरी जुळवलेलं आहे एवढं जाणवतं. अनबॉक्सिंग बघायचं ते आपण घरी खोका उघडू तेव्हा काय निघेल, कसं निघेल यासाठी. तोच क्रम मोडला तर ती नुसती जाहिरात उरते.

म्हणून अशी स्क्रिप्ट पुन्हा लिहायला बसताना जुनं लिखाण बाजूला ठेवायचं आणि खरा खोका पुढ्यात घ्यायचा. एकाने बोलायचं नाही, फक्त उघडायचं. दुसऱ्याने शेजारी बसून हात काय करतात ते लिहायचं. डाव्या हाताने खोका धरला, उजव्या हाताने कटरने चिकटपट्टी कापली. पाकळ्या उघडल्या. वरची पुस्तिका काढून डावीकडे ठेवली. वरचं थर्माकोल दोन्ही हातांनी ओढलं, खोकाही सोबत उचलला गेला, म्हणून तो गुडघ्याने दाबून धरावा लागला. ही शेवटची ओळ कुणाच्याही मूळ स्क्रिप्टमध्ये नसते. पण त्या क्षणी सादर करणाऱ्या ताईंना कॅमेऱ्याकडे बघून हसत पात्यांची गुणवत्ता सांगायची असते. त्या म्हणतात, “अहो, तिसरा हात कुठून आणू?” नव्या स्क्रिप्टचा पाया या प्रश्नावर आहे. दोन्ही हात अडकलेले असताना वस्तू दाखवायची नाही, आणि हातात नसलेल्या वस्तूकडे ‘ही बघा’ म्हणायचं नाही.

या नोंदीतून आधी एक गोष्ट स्पष्ट होते. काही माहितीला मुदत असते. छापील कमाल किंमत, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठीचा क्रमांक हा मजकूर बंद पाकिटावर छापणं आपल्याकडे 2011 च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि तो असतो खोक्यावर. जुन्या स्क्रिप्टमध्ये किंमत शेवटी होती. तोवर खोका टेबलाखाली गेलेला, कधी फाटलेलाही. नव्या स्क्रिप्टमध्ये चिकटपट्टी कापण्याआधीच खोका फिरवून लेबल दाखवायचं आणि छापील किंमत व उत्पादनाचा महिना वाचायचा. व्हिडिओसाठी कंपनीने पैसे किंवा मिक्सर दिला असेल तर तेही इथेच, सुरुवातीलाच सांगून टाकावं; जाहिरात-मानक परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांची अपेक्षाही तीच आहे.

आता मोटरचं काय करायचं? ती तळाशी आहे म्हणून तिचं नावच चार मिनिटं काढायचं नाही का? इथे सांगणं आणि दाखवणं वेगळं करावं लागतं. बंद खोक्यावर हात ठेवून ‘750 वॉटचा आहे, तीन भांडी आहेत, आणि मला बघायचंय की चटणीच्या छोट्या भांड्यात मूठभर खोबरं नीट वाटलं जातं का’ असं म्हणता येतं. तो वायदा झाला. तो आधी करायला हरकत नाही, कारण हात त्याला खोटं पाडत नाहीत. पण वाइंडिंग, कपलर, नॉब, आवाज हे सगळं मोटरचा भाग टेबलावर आल्यावरच. कंपनीचा पहिला मुद्दा पहिल्या अर्ध्या मिनिटात येतो, त्यामुळे कंपनीही समाधानी.

पुस्तिका आणि वॉरंटी कार्ड वर निघालं म्हणजे ते तिथेच वाचायचं असं नाही. जुन्या स्क्रिप्टचा हाच दुसरा दोष होता: पहिली वस्तू हातात आली ती कागदाची, आणि तिच्यावर पाऊण मिनिट. लोकांना मिक्सर बघायचाय. ‘पुस्तिका आणि वॉरंटी कार्ड, हे लागेल थोड्या वेळाने’ एवढंच म्हणून ते टेबलाच्या डाव्या कडेला ठेवायचं, पण कॅमेऱ्यात दिसेल असं.

थर्माकोल काढताना बोलायचंच नाही. एक तर ते कर्कश करकरतं आणि आवाज मायक्रोफोनमध्ये जातो; दुसरं म्हणजे ते काढायला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. कधी चार सेकंदांत सुटतं, कधी पंधरा लागतात. निवांत मराठी बोलण्यात सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. त्यामुळे हात आठ सेकंद मोकळे असतील तर सोळा-सतरा शब्दांचं वाक्य चालतं, त्याहून मोठं वाक्य पुढच्या वस्तूवर सांडतं. नोंद करताना प्रत्येक हालचालीपुढे सेकंद लिहून ठेवले तर कुठलं वाक्य कापायचं हे वाद न घालता कळतं.

भांडी सहसा थर्माकोलच्या खाचांमध्ये बसवलेली असतात, आणि पुष्कळदा छोटं भांडं मोठ्याच्या पोटात असतं. कागद सांगतो: मोठं, मधलं, छोटं. हात सांगतात: मोठं भांडं बाहेर आलं, झाकण उघडलं, आतून चटणीचं भांडं निघालं. आता हाच व्हिडिओमधला सगळ्यात गंमतीचा क्षण असू शकतो, पण जुन्या स्क्रिप्टप्रमाणे ‘दीड लिटरच्या भांड्यानंतर एक लिटरचं भांडं’ म्हणायचं असल्यामुळे छोटं भांडं गुपचूप बाजूला सरकवलं जातं. नव्या स्क्रिप्टमध्ये क्रम मोठं, छोटं, मधलं असा होतो. पात्यांबद्दल एकदाच बोलायचं, तेही दुसरं भांडं हातात असताना, म्हणजे दोन भांड्यांतली पाती शेजारी धरून त्यांच्या आकारातला फरक दाखवता येतो. बोट आत घालायचं नाही. भांडं कॅमेऱ्याकडे कलतं करायचं.

सगळ्यात जास्त फायदा मोटरचा भाग उलटा करताना होतो. जुन्या स्क्रिप्टमध्ये रबरी पाय मोटरनंतर, ओव्हरलोडचं बटण सुरक्षिततेच्या भागात आणि वॉरंटी नोंदणी अगदी शेवटी होती. म्हणजे ते जड धूड तीन वेळा उचलून तीन वेळा उलटं करायचं. शूटिंगमध्ये दुसऱ्या वेळी वायर पायात येते, तिसऱ्या वेळी कंटाळा चेहऱ्यावर येतो. पण या तिन्ही गोष्टी एकाच पृष्ठभागावर आहेत. म्हणून ते एकदाच उलटं करायचं आणि खालची बाजू सावकाश वाचायची: ओट्याला घट्ट बसणारे पाय; लाल बटण, म्हणजे भांड्यात फार भरल्यामुळे मोटर थांबली तर स्विच बंद करून, भांडं थोडं रिकामं करून, काही मिनिटं थांबून दाबायचं ते; आणि माहितीची पट्टी, जिच्यावर वॉट, व्होल्ट, सलग किती वेळ चालवायचा याची मर्यादा आणि अनुक्रमांक असतो. आता डाव्या कडेला ठेवलेलं वॉरंटी कार्ड उचलायचं, कारण त्यावर हाच अनुक्रमांक लिहायचा असतो. मघाशी ‘लागेल’ म्हटलं ते असं लागलं. संपादनात तो क्रमांक मात्र धूसर करावा. त्यावर दुसऱ्या कुणी वॉरंटी नोंदवायला नको.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे क्रम चुकला तर व्हिडिओ खोटा ठरतो. नवं भांडं धुतल्याशिवाय त्यात खोबरं घालत नाहीत. पण कित्येक व्हिडिओत खोक्यातून निघालेलं भांडं थेट मोटरवर चढतं आणि ‘वापरण्याआधी धुऊन घ्या’ हे वाक्य वाटण झाल्यावर येतं. धुणं दाखवायला दोन सेकंद पुरतात: नळाखालचं भांडं, मग पुसलेलं भांडं. इथे कापणं प्रामाणिक आहे, कारण कशासाठी कापलं ते बघणाऱ्याला कळतं.

मिक्सर सुरू असताना बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, तेव्हा त्याबद्दलची वाक्यं बटण फिरवण्याआधी किंवा बंद केल्यावर हवीत. नवीन मोटर पहिल्यांदा चालते तेव्हा वाइंडिंगवरचं व्हार्निश तापून हलका वास येऊ शकतो. पुस्तिकांमध्ये हे बहुधा लिहिलेलं असतं. ते आधी सांगितलं तर माहिती ठरते, वास आल्यावर सांगितलं तर सारवासारव वाटते.

एक अडचण उरतेच. खोका नव्याने एकदाच उघडतो. सरावात चिकटपट्टी कापली की पुन्हा लावलेली पट्टी कॅमेऱ्यात ओळखू येते. शक्य असेल तर कंपनीकडून दोन नग मागवावेत, एक हातांच्या नोंदीसाठी आणि एक शूटिंगसाठी. दोन्ही एकाच मॉडेलचे आणि शक्यतो एकाच महिन्याच्या उत्पादनाचे असावेत, कारण कंपन्या आतली मांडणी न सांगता बदलतात. जुन्या स्क्रिप्टचा साचा वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांना हे फोनच्या बाबतीत चांगलं कळलं. ऑक्टोबर 2020 मध्ये आयफोन 12 आला तेव्हा खोक्यात चार्जरच नव्हता आणि खोकाही बारीक झाला होता. ‘फोनखाली चार्जर’ हे वाक्य एका दिवसात निकामी झालं. दुसरा नग मिळाला नाही, तर निदान खोक्यावरचा वर-खाली दाखवणारा बाण बघून घ्यावा. उलटा उघडला की मोटर खरोखरच आधी निघते आणि मग सगळी नवी स्क्रिप्ट उलटी पडते.

तयार झालेली स्क्रिप्ट तपासायची ती वाचून नव्हे. एकाने ती मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पहिला नग पुन्हा भरून उघडावा. हात थांबून तोंडाची वाट बघतात तिथे वाक्य लांब आहे. तोंड थांबून हातांची वाट बघतं तिथे मधली एखादी हालचाल लिहायची राहिलेली आहे. अशा जागांवर पेन्सिलने खूण करावी, दुरुस्ती करावी आणि पुन्हा एकदा वाचावं.

मंजुरीसाठी ही स्क्रिप्ट कंपनीकडे पाठवताना सोबत हातांची नोंदही जोडावी. ‘मोटर चौथ्या मिनिटाला का?’ हा फोन हमखास येतो, आणि त्याचं उत्तर त्या नोंदीत असतं. कागदावरचा एकही मुद्दा गाळलेला नाही, फक्त त्याची जागा बदलली आहे, हे दिसल्यावर बहुतेक जण सही करतात.