रोजकीर्दीच्या फोटोंपासून ताळेबंदापर्यंत

छोट्या दुकानाची रोजकीर्द आजही बहुधा जाड पुठ्ठ्याच्या वहीत हातानेच लिहिली जाते. वर्ष संपल्यावर हिशेबनिसाकडे वहीऐवजी मोबाइलवर काढलेले तिच्या पानांचे फोटो येतात. त्यांवरून आधी तेरीज आणि मग ताळेबंद करायचा असतो. नेहमीच्या कामापेक्षा यात एकच गोष्ट वेगळी आहे. वही हातात असली की पान फाटलेले आहे की चिकटलेले ते लगेच कळते, पण जे पान फोटोत आलेच नाही ते दिसत नाही. त्यामुळे आकड्यांना हात लावण्याआधी पाने तपासावी लागतात.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातले एका मालकाचे हार्डवेअरचे दुकान घेऊ. ते १ एप्रिल २०२४ रोजी ३,००,००० रुपयांच्या भांडवलावर सुरू झाले आणि ३१ मार्च २०२५ रोजी त्याचे पहिले वर्ष संपले. महाराष्ट्रात मालाच्या व्यापारासाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाखांच्या उलाढालीची आहे. दुकानाची विक्री त्याहून पुष्कळ कमी असल्याने वहीत कराच्या नोंदी नाहीत.

रोजकीर्दीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी ‘पुढे नेले’ आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागून आणले’ अशी बेरीज असते. या दोन बेरजा जुळल्या तर पानांची साखळी अखंड आहे. इथे एका पानाच्या तळाशी ८,१२,४०० आहेत, तर त्यानंतरच्या फोटोच्या माथ्यावर ८,४७,९००. मधले ३५,५०० रुपयांचे पान फोटोत नाही. ते मागवल्यावर त्यावर २०,००० रुपयांची उधार खरेदी आणि १५,५०० रुपयांची उधार विक्री निघाली. हे पान राहूनच गेले असते तरी तेरीज बिनबोभाट जुळली असती, कारण प्रत्येक नोंदीची नावे आणि जमा बाजू एकाच पानावर असते आणि पान गळाले की दोन्ही बाजू सारख्याच घटतात. तेरीज जुळली म्हणजे सगळ्या नोंदी आल्या, हा समज इथेच फसतो. एकच पान दोनदा टिपले गेले तरी तेरीज जुळतेच. दोन्ही चुका पकडते ती पानापानांवरची बेरीज.

मग नोंदी तक्त्यात उतरवायच्या. फोटोचा क्रमांक, तारीख, खाते, नावे रक्कम आणि जमा रक्कम असे पाच रकाने पुरतात. फोटोच्या क्रमांकाचा रकाना कंटाळवाणा वाटला तरी सोडू नये, कारण चूक शोधताना तोच मूळ पानापर्यंत नेतो. रकमेखालचे स्पष्टीकरणही वाचावे लागते. या वहीत ‘दुकानात लावण्यासाठी लोखंडी रॅक’ अशी १२,००० रुपयांची नोंद आहे. हार्डवेअरच्या दुकानात रॅक विक्रीचा मालही असू शकतो, पण स्पष्टीकरणामुळे ती फर्निचर खात्यात जाते. ती खरेदीत धरली असती तर नफा चुकला असता आणि तेरजेला त्याचा पत्ता लागला नसता. पुसट किंवा खाडाखोड झालेली रक्कम अंदाजाने लिहू नये. तिथे खूण करून मालकाला बिल मागावे.

सगळे उतरवल्यावर प्रत्येक खात्याची नावे आणि जमा बेरीज काढून फरक घ्यायचा. जुन्या पद्धतीत यालाच खतावणी म्हणतात. तक्ता संगणकावर असेल तर वीजबिल खात्याच्या नावे बाजूची बेरीज या सूत्राने मिळते:

```
=SUMIF(C:C,"वीजबिल",D:D)
```

सगळ्या खात्यांच्या शिलका मांडल्या तेव्हा नावे बाजूला ९,३०,८०० आणि जमा बाजूला ९,३०,००० आले. फरक ८०० रुपयांचा. अशा वेळी सगळ्या नोंदी पहिल्यापासून तपासण्याआधी फरकाकडेच पाहावे. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते, जसे ४५० च्या जागी ५४०. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत सापडली तर ती उलट्या बाजूला पडलेली असू शकते. ८०० ला ९ ने भाग जात नाही आणि ४०० ची नोंद कुठेच नाही. मराठी अंकांत लिहिलेल्या वहीत मग तिसरी शक्यता तपासायची. घाईच्या हस्ताक्षरात १ आणि ९ सारखे दिसतात आणि त्यांच्यात ८ चा फरक असतो. म्हणून ८, ८०, ८०० किंवा ८,००० असा फरक आला की आधी हेच दोन अंक पाहावेत. इथे वीजबिलाची १,१५० ही रक्कम नावे रकान्यात १,९५० अशी वाचली गेली होती. त्याच नोंदीच्या रोख खात्यासमोर मात्र १,१५० बरोबर उतरले होते. मराठी आणि इंग्रजी अंक मिसळलेल्या वहीत आणखी सावध राहावे लागते, कारण मराठी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो.

दुरुस्तीनंतरची तेरीज अशी:

नावे बाजू: रोख १८,०००, बँक २,५०,०००, ऋणको ४५,०००, फर्निचर ६०,०००, खरेदी ४,२०,०००, भाडे ४४,०००, पगार ४८,०००, वीजबिल ९,०००, उचल ३६,०००. एकूण ९,३०,०००.
जमा बाजू: भांडवल ३,००,०००, विक्री ५,४०,०००, धनको ९०,०००. एकूण ९,३०,०००.

यावरून लगेच ताळेबंद होत नाही. वहीत न लिहिलेल्या काही गोष्टी विचारून घ्याव्या लागतात आणि फोटो कितीही स्पष्ट असले तरी त्या त्यांत सापडत नाहीत. भाडे महिना ४,००० असताना वर्षात ४४,००० च दिले आहेत, म्हणजे मार्चचे भाडे द्यायचे आहे. ३१ मार्चला मोजलेला माल खरेदीच्या किमतीने ७०,००० रुपयांचा आहे. फर्निचरवर १० टक्के दराने ६,००० रुपये घसारा धरला आहे. रोख शिलकेचा मेळ गल्ल्यातल्या मोजणीशी आणि बँकेच्या शिलकेचा बँकेच्या उताऱ्याशी याच वेळी घालावा. दिलेला पण बँकेत न वटलेला धनादेश असला तर वही आणि उतारा यांत फरक दिसतो, आणि तो चूक नसतो.

विक्री आणि अखेरचा साठा मिळून ६,१०,०००. त्यातून खरेदी वजा केली की ढोबळ नफा १,९०,०००. भाडे ४८,०००, पगार ४८,०००, वीजबिल ९,००० आणि घसारा ६,००० असे १,११,००० वजा जाता निव्वळ नफा ७९,००० राहतो. तो भांडवलात मिळवून मालकाची उचल वजा केल्यावर भांडवल ३,४३,००० होते.

ताळेबंदाच्या देणे बाजूला भांडवल ३,४३,०००, धनको ९०,००० आणि देय भाडे ४,०००, एकूण ४,३७,०००. मालमत्तेच्या बाजूला रोख १८,०००, बँक २,५०,०००, ऋणको ४५,०००, अखेरचा साठा ७०,००० आणि घसारा वजा जाता फर्निचर ५४,०००, एकूण तेवढेच.

तेरजेत फरक उरलाच तर तो तात्पुरता उचंत खात्यावर टाकून काम पुढे नेता येते, पण चूक सापडेपर्यंत तो ताळेबंद कच्चाच राहतो. पक्क्या ताळेबंदातल्या शिलका १ एप्रिल २०२५ रोजी नव्या रोजकीर्दीची पहिली नोंद होतात. विक्री, पगार, भाडे आणि वीजबिल ही खाती त्या दिवशी शून्यापासून सुरू होतात.