हिस्सा बदलतो, तेव्हा कोण कोणाला देणं लागतो?

तीन भावांचं भांड्यांचं दुकान धरा. नफ्याची वाटणी 5:3:2. थोरल्याचं वय झालं, धाकटा दिवसभर गल्ल्यावर बसतो, म्हणून तिघांनी ठरवलं की यापुढे सारखी वाटणी. मधला म्हणतो, ‘‘माझे तीन होते, आता एकच राहिला. मी तोट्यात.’’

इथेच चूक होते. आकडे ताडण्याआधी छेद सारखा करायला हवा. तिसात मोजलं तर जुने हिस्से 15, 9 आणि 6, नवे प्रत्येकी 10. थोरल्याने 5 भाग सोडले, हे त्याचं त्याग प्रमाण. मधल्याला 1 आणि धाकट्याला 4 भाग जास्त मिळाले, हे त्यांचं लाभ प्रमाण, 1:4. म्हणजे मधलाही मिळवणाराच! सोडलेले भाग आणि मिळालेले भाग यांची बेरीज जुळली नाही, तर हिशेब चुकला समजावं.

थोरल्याने सोडलं ते दुकानाच्या नावावर येणाऱ्या पुढच्या नफ्यातलं. त्या नावाची किंमत, म्हणजे ख्याती, 3 लाख ठरली असेल तर थोरल्याच्या भांडवल खात्यात 50,000 जमा होतात. मधल्याच्या नावे 10,000 आणि धाकट्याच्या नावे 40,000 पडतात. रोख हलवायची गरज नाही.

बदलाआधी साठलेला राखीव निधी मात्र तिघांनी जुन्या 5:3:2 प्रमाणातच वाटून घ्यावा, कारण तो जुन्या कराराखाली कमावलेला आहे.