बिल्ड आठव्या दिवशी आलं

मारतहळ्ळीत रिंगरोडलगतच्या एका कंपनीत माझा मित्र काम करतो. त्याने मला त्यांचा बर्नडाऊन चार्ट पाठवला. स्प्रिंट कामाच्या दहा दिवसांचा, ३४ पॉइंटचा. आदर्श गतीची करडी रेघ ३४ वरून शून्याकडे तिरपी उतरत होती. लाल रेघ मात्र आठ दिवस ३४ वरच आडवी पडून, आणि नवव्या दिवशी धाडकन ८ वर. ‘आठ दिवस करत काय होते सगळे?’ हा त्यांच्या मॅनेजरचा प्रश्न मलाही पडला, म्हणून रिट्रोच्या दिवशी जाऊन बसलो.

जिरा अर्धवट काम मोजत नाही. स्टोरी बोर्डाच्या शेवटच्या रकान्यात गेली की तिचे पॉइंट एकदम वजा होतात. तोवर ती नव्वद टक्के झालेली असली तरी हिशेबात शून्यच. आडव्या रेघेचा अर्थ एवढाच, की पुरतं काही झालेलं नाही. लोक रिकामे बसले होते, असं ती सांगत नाही.

टेस्टिंगचं काम करणारी सोलापूरची मुलगी चार्टखालच्या तक्त्याकडे गेली. तिथवर सहसा कुणी जात नाही. प्रत्येक उतार कशामुळे झाला ते तिथे लिहिलेलं असतं. घसरण २६ पॉइंटची. त्यातल्या ५ पुढे `Scope change` असं होतं: काम झालेलंच नव्हतं, स्टोरी स्प्रिंटमधून काढली होती. रेघ तरीही तितकीच खाली येते! आणखी ८ पॉइंटच्या दोन स्टोऱ्या म्हणजे नुसते सेटिंगमधले बदल. त्या चौथ्याच दिवशी तपासून झाल्या होत्या, फक्त कार्डं हलवायची राहिली होती. दोन्ही कार्डं रिव्ह्यूच्या आधी एकाच मिनिटात हलली, यावरून ते कळलं.

उरले १३. तीन स्टोऱ्या, तिन्ही पेमेंटच्या एकाच मॉड्यूलमधल्या. कोड पाचव्या दिवशी तयार होता, पण तिन्ही एकदमच मर्ज करू म्हणून डेव्हलपरने थांबवून ठेवला. “बिल्ड आठव्या दिवशी आलं,” ती म्हणाली. मग तिन्ही स्टोऱ्या एकटीने दीड दिवसात तपासल्या. चार्टवरचा तो उभा कडा निम्मा तरी तिच्या त्या धावपळीचा होता, आणि जाब मात्र तिलाच विचारला जात होता.

मॅनेजरने तोडगा काढला: रोज स्टँडअपला सगळ्यांनी कार्डं हलवायची.

“त्याने ८ सुटतील, सर. १३चं काय? बिल्ड आठव्या दिवशी आलं.”

थोडी कुरबुर झाली. शेवटी न संपलेली ८ पॉइंटची स्टोरी ३, ३ आणि २ अशी तोडायची ठरली. प्रत्येक तुकडा वेगळा मर्ज करायचा, बिल्ड रोज संध्याकाळी. डेव्हलपर हो म्हणाला, तरी तिने पहिल्या बिल्डची तारीख त्याच्याकडूनच बोर्डावर लिहून घेतली.