दहा अंशांत दुप्पट

मे 1954 मध्ये अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या एका तांत्रिक परिषदेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या गॉर्डन टील यांनी रेकॉर्ड प्लेअर सुरू केला. त्याच्या अँप्लिफायरमधला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर गरम तेलात बुडवताच गाणं बंद पडलं. त्याच जागी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर लावून तो तेलात बुडवला, तर गाणं चालूच राहिलं.

जर्मेनियमला नडला तो उलट दिशेने झिरपणारा प्रवाह. विल्यम शॉक्ली यांनी 1949 साली प्रसिद्ध केलेल्या आदर्श डायोडच्या समीकरणात तो I_S म्हणून बसलेला आहे:

```
I = I_S (e^(V/V_T) − 1)
```

V म्हणजे डायोडवरचं व्होल्टेज. V_T तापमानावर ठरतं आणि खोलीच्या तापमानाला ते सुमारे 26 मिलिव्होल्ट असतं. सुलट दिशेला व्होल्टेज वाढवलं की घातांकामुळे प्रवाह झपाट्याने चढतो. उलट दिशेला मात्र जेमतेम 0.1 व्होल्ट दिलं, तरी e चं पद जवळजवळ शून्य होतं आणि मागे उरतो केवळ −I_S. यापुढे व्होल्टेज कितीही वाढवलं तरी समीकरणानुसार प्रवाह तेवढाच राहतो. म्हणूनच त्याला उलट संपृक्त प्रवाह म्हणतात.

तो व्होल्टेजने वाढत नाही, कारण त्याला वाहक पुरवते ती उष्णता. डायोडच्या पी बाजूला होल भरपूर आणि इलेक्ट्रॉन अगदी मोजके असतात. एन बाजूला याच्या उलट. उलट प्रवाह वाहतात ते हे दोन्हीकडचे अल्पसंख्य वाहक. स्फटिकातला एखादा बंध उष्णतेने तुटला की एक इलेक्ट्रॉन आणि एक होल अशी जोडी तयार होते. शुद्ध सिलिकॉनमध्ये अशा वाहकांची जी संख्या असते तिला n_i म्हणतात. डायोडमधल्या अल्पसंख्य वाहकांची संख्या, आणि म्हणून I_S सुद्धा, n_i च्या वर्गाच्या प्रमाणात असते.

सगळी मेख या n_i मध्ये आहे. सिलिकॉनमध्ये जोडी तयार व्हायला 1.12 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते आणि 27 अंश सेल्सिअसला उष्णतेची सर्वसाधारण ऊर्जा असते फक्त 0.026. म्हणजे गरज सुमारे 43 पट मोठी. n_i चा वर्ग साधारण e^(−43) च्या प्रमाणात असतो. आता तापमान दहा अंशांनी वाढवा. निरपेक्ष मापनात ते 300 वरून 310 केल्विन होतं, वाढ जेमतेम तीन टक्के. पण 43 चे आता 41.6 होतात आणि तेवढ्या फरकाने e ची किंमत चौपट होते. तापमानाच्या घनाचा हातभार धरला तर साडेचार पट.

मग पाठ्यपुस्तकातलं ‘दहा अंशांत दुप्पट’ कुठून आलं? समीकरणातला I_S सिलिकॉनमध्ये साडेचार-पाच अंशांतच दुप्पट होतो. प्रत्यक्ष मोजला जाणारा उलट प्रवाह मात्र बहुतांशी वेगळ्या ठिकाणाहून येतो. पी आणि एन यांच्या सीमेवर वाहक नसलेला एक पट्टा असतो. तिथे स्फटिकातल्या दोषांच्या आधाराने, जणू मधल्या पायरीवर पाय ठेवून, नव्या जोड्या तयार होतात आणि तिथलं विद्युतक्षेत्र त्यांना लगेच ओढून नेतं. हा प्रवाह n_i च्या वर्गाच्या नव्हे, तर n_i च्याच प्रमाणात असतो, आणि साडेचारचं वर्गमूळ दोनच्या थोडं वर येतं. नियम खरा आहे, पण तो या झिरपणाऱ्या प्रवाहाचा आहे. विद्यार्थ्यांना तो समीकरणातल्या I_S च्या नावावर शिकवला जातो, तिथेच गोंधळ सुरू होतो.

बाजारात सहज मिळणाऱ्या 1N4148 या सिलिकॉन डायोडच्या माहितीपत्रकावर हा नियम तपासता येतो. 20 व्होल्ट उलट दिले असता 25 अंशांना जास्तीत जास्त 25 नॅनोअँपिअर आणि 150 अंशांना 50 मायक्रोअँपिअर, अशी मर्यादा त्यात दिलेली असते. म्हणजे 125 अंशांत 2000 पट. दोनदा-दोनदा करत 2000 वर पोहोचायला अकरा टप्पे लागतात. एका टप्प्याला साधारण साडेअकरा अंश आले. या हमीच्या मर्यादा आहेत, मोजलेल्या किमती नव्हेत. तरी नियमाचा अंदाज बरोबर दिसतो. आणि एवढ्या गरमीतही प्रवाह मायक्रोअँपिअरमध्येच राहतो. जर्मेनियमला जोडी तयार करायला फक्त 0.66 इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, त्यामुळे तिथे सुरुवातच कितीतरी मोठ्या आकड्यापासून होते आणि थोड्याशा दुपटींत सर्किट कोलमडतं.

हे घरी मोजायचं तर डायोड 10 व्होल्टला उलटा जोडून त्याच्याशी 1 मेगाओहमचा रेझिस्टर एकसरीत लावावा आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजावं: दर मिलिव्होल्टला साधारण एक नॅनोअँपिअर. 1N4148 चं कवच काचेचं असतं आणि प्रकाशानेही जोड्या तयार होतात. आकडा हाताची सावली पडताच खाली आला, तर डायोडवर काळी टेप गुंडाळून मापन पुन्हा करावं लागतं.